राख्या नेहमी डावीकडून चालायचा

राख्या गेल्यानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले, ती होळी उलटून गेल्यावर. फैजपूरला मोटारीतून उतरले आणि पिशवी घेऊन मळ्याच्या बाजूने घराकडे निघाले. ऊन उतरत होतं. आमच्या मळ्यातून गावाकडे येणारी गाडवाट सगळ्या गाडवाटांसारखीच आहे. बैलगाड्यांच्या चाकांनी खोल गेलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. मी बरीच वाट चालून आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्या मधल्या गवतातून चालते आहे. काटे टोचत होते, लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती, तरी दोन्ही चाकोऱ्या मी मोकळ्या सोडल्या होत्या. डावी राख्याची. उजवी कोणाची, ते आमच्या घरात कोणी उघड म्हणत नसे.

मग मी मुद्दाम डाव्या चाकोरीत उतरले. तिथली माती मऊ होती, पिठासारखी. पाऊल बुडालं आणि मला एकदम त्याच्या अंगाचा वास आला. ओल्या गोणपाटाचा, केळीच्या चिकाचा आणि उन्हात तापलेल्या केसांचा असा एकत्र वास होता तो. वारा नव्हता. 

त्याला आणलं ते नानांनी. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नाना बैल बघायला जामनेरच्या बाजाराला गेले होते. बैल काही मनासारखा मिळाला नाही. परत आले तेव्हा घोंगडीच्या खोळीत हे कुत्र्याचं पिल्लू होतं. चुलीतल्या विझलेल्या राखेचा जसा रंग असतो, तसाच रंग. माझी माय म्हणाली, बैलाच्या पैशात हे काय आणलंत? नाना म्हणाले, फुकट मिळालंय, आणि राखेच्या रंगाचं आहे, राखणही करील. तेव्हापासून तो राख्या. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते. पाटीवर मी पहिल्यांदा जोडाक्षर लिहिलं ते त्याच्या नावातलं.

नाना उंच होते. दाराच्या चौकटीतून येताना मान वाकवायचे. बोलणं थोडं. त्यांना मूल नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी किंवा त्यांच्या बायकोने कधी तोंडातून शब्द काढलेला मी ऐकला नाही. त्यांच्या बायकोला आम्ही मोठीमाय म्हणतो. ती घरातल्या सगळ्या पोरांची आई होती, फक्त माय हाक मारली की उत्तर दुसरीकडून यायचं.

त्या दिवसांत विहिरीवर मोट होती. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची आणि पाणी थारोळ्यात पडलं की धप्प असा आवाज यायचा. राख्या थारोळ्याशी बसून प्रत्येक धप्पला कान हलवायचा. केळीच्या बागेला चारी बाजूंनी शेवरीची दाट रांग होती, उन्हाळ्यातल्या वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून लावलेली. त्या रांगेच्या आत शिरलं की बाहेरचं जग संपायचं. हिरवा अंधार, पायाखाली ओल, आणि वाळलेल्या पानांची खसफस. एकटं आत जायला मी भ्यायचे. राख्या पुढे असला की भीती वाटत नसे. तो पुढे जाऊन थांबायचा, मागे वळून बघायचा, मी आले की पुन्हा पुढे. घड कापायचे दिवस आले की साऱ्यांचे कपडे चिकाने काळे व्हायचे आणि राख्याच्या पाठीवरही काळे डाग पडायचे. ते डाग कधी गेले नाहीत. केस गळून नवे यायचे, तरी डाग तिथेच दिसायचे. मोठीमाय म्हणायची, बागेने त्याच्यावर आपलं नाव घातलंय.

दिवेलागणीला नाना घरी यायचे. उजव्या चाकोरीतून नाना, डाव्या चाकोरीतून राख्या. वाटेत विहिरीपाशी थांबून नाना आत डोकावायचे, पाणी किती चढलं ते बघायला. पुढे चिंचेच्या बुंध्यावर जोडे आपटून माती झाडायचे. राख्या दोन्ही ठिकाणी थांबायचा. घरी आले की तो दारात बाजूला व्हायचा, नाना मान वाकवून आत गेले की मग आत. मोठीमाय तांब्या भरून ठेवायची. नाना पाणी प्यायचे आणि उरलेलं राख्याच्या मातीच्या परळात ओतायचे. रोज हेच. पावसाळ्यात चिखल असायचा, भरताच्या दिवसांत घराघरातून भाजल्या वांग्यांचा धूर असायचा, पण त्या दोघांचं येणं तेच.

मग एका वर्षी नाना गेले. कसे गेले ते आमच्या घरात बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. एवढंच आठवतं, की त्या दिवसांत केळी निसवत होत्या आणि बागभर केळफुलांची जांभळी कमळं लोंबत होती. राख्या बरेच दिवस मळ्यातच राहिला. भाकरी तिथे नेऊन ठेवली तरी खात नव्हता. मग तेरावा झाल्यानंतरच्या एका संध्याकाळी तो आपण होऊन घरी आला.

मी दारात तांदूळ निवडत बसले होते. चाकोरीतून तो येताना दिसला. शेपूट हलत होती. इतक्या दिवसांनी हलताना पाहिली म्हणून मी उठून उभी राहिले आणि हाक मारणार, तेवढ्यात लक्षात आलं, की तो एकट्याने चालावं तसा चालत नाहीये. कुत्रं एकटं असलं की वाटेत हुंगत, इकडे-तिकडे होत येतं. हा सरळ डाव्या चाकोरीतून येत होता, एकाच चालीने. मधून मधून मान वर करून उजवीकडे बघत होता. चिंचेपाशी तो थांबला. तितकाच वेळ थांबला. पुन्हा चालू लागला. दारात आला, बाजूला झाला, उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. मग आत आला.

मोठीमाय चुलीपाशी होती. तिने हे सगळं बघितलं होतं, कारण चुलीपासून दार सरळ दिसतं. ती उठली, तांब्या भरला आणि नाना बसायचे तिथे ठेवला. थोड्या वेळाने तिने ते पाणी राख्याच्या परळात ओतलं. त्या दिवशी राख्या भाकरी खायला लागला.

त्यानंतर रोज दिवेलागणीला तो उठायचा, मळ्याच्या कोपऱ्यावर शेवरीच्या फटीपाशी जाऊन उभा राहायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. एकटा जायचा आणि एकटा नाही असा यायचा. याहून नीट मला सांगता येत नाही.

भाऊ म्हणायचे, जनावराला सवय लागते, बैलही धन्याविना घरचा रस्ता धरतो. भाऊंचा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्याकडे सुपडू नावाचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतगडी. तो मात्र त्या वेळी कितीही काम असलं तरी गाडवाटेवर पाय ठेवत नसे, बांधावरून फिरून यायचा. भाऊ त्याच्यावर रागवायचे. पण मी पाहिलंय, त्या वेळी बैलगाडी घेऊन यायचं असलं की भाऊही विहिरीपाशी काहीतरी काम काढायचे आणि राख्या पुढे जाईपर्यंत थांबायचे.

एकदा मी मुद्दाम केलं. तेव्हा मी चांगली मोठी, लग्नाच्या वयाची झाले होते. राख्या शेवरीपासून निघाला तशी मी जाऊन त्याच्या शेजारी, उजव्या चाकोरीत चालायला लागले. तो गुरगुरला नाही. नुसता थांबला. त्याने मान वर केली आणि बघितलं, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या डोक्याच्या वर, जिथे एखाद्या उंच माणसाचं तोंड आलं असतं, तिथे बघितलं. आता काय करायचं असं विचारल्यासारखं. ऊन सगळं गेलेलं नव्हतं, माणसं शेतातून परतत होती, लांब कोणीतरी बैलांना हाकारत होतं. तरी मी बाजूला झाले. तो चालू लागला. मी मागे राहिले आणि ते पुढे गेले. 'ते' हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा मनात वापरला.

मला वाटतं, आम्हाला भीती वाटायची पण ती नकोशी वाटत नसे. देवघरात अंधार असला की वाटते तशी. फक्त एक गोष्ट होती. मोठीमाय त्या दिवसापासून संध्याकाळी कधी घराबाहेर राहिली नाही. जामनेरला तिच्या भावाच्या मुलाचं लग्न होतं, तर पहाटेच्या गाडीने जाऊन, मुलाच्या हातावर ओवाळणी ठेवून, मुहूर्ताआधीच परत निघाली. तिचा तो भाऊ रागावला, वर्षभर तिच्याशी बोलला नाही. माझं लग्न दोंडाईच्याला झालं. माझं घर बघायला सगळे येऊन गेले, ती आली नाही. येते येते म्हणायची. मी तिला एकदा म्हटलं, एक रात्र राहिलीस तर काय होईल? ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते आले अन् पानी ठेवलेलं नसलं तं?"



राख्या म्हातारा झाला तो आधी तोंडावरून. नाकाभोवतीचे केस पांढरे झाले, मग भुवया. मी पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा डोळ्यांत निळसर धुकं दिसलं. पुढच्या वेळी हाक ऐकू येईनाशी झाली होती, जमिनीवर पाय आपटला की कळायचं. मागचे पाय थरथरायचे. बसताना आधी पुढचा भाग खाली जायचा, मग मागचा धपकन पडायचा, आणि उठताना दोनतीनदा प्रयत्न करावा लागायचा. मायने त्याच्यासाठी शहाबादी फरशीवर गोणपाट पसरून ठेवलं, पाय घसरू नयेत म्हणून. कधी कधी तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तिथून बाहेर कसं यायचं ते विसरल्यासारखा. आम्ही हाताने वळवून आणायचो. पण दिवेलागण तो विसरला नाही. ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं, तरी त्या वेळी उठायचा आणि नाकाने चाकोरी धरून जायचा.

या थंडीत दोंडाईच्याला निरोप आला. भुसावळकडचे एक व्यापारी मिरची घ्यायला आले होते, त्यांच्या तोंडी भाऊंनी सांगून पाठवलं होतं, की राख्या खात नाही, जमलं तर येऊन जा. कुत्र्यासाठी माहेरी जाते असं सासूबाईंना कसं सांगायचं, म्हणून मी घुटमळत होते. त्यांनी ते ओळखलं. म्हणाल्या, "जाय, भेटी ये. तेबी घरनंच मानूस शे." घरचाच माणूस, म्हणून मी निघाले.

मी पोचले तेव्हा तो ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात पडला होता. मी जवळ बसले. त्याने नाक उचललं, माझा हात हुंगला, शेपटीचं टोक हललं. अंगाची नुसती हाडं झाली होती, पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. तोंडाला एक वेगळाच, आंबूस, औषधासारखा वास येत होता. आधी बरेच दिवस तो परळच्या परळ पाणी प्यायचा आणि घरातच ओलं करायचा, हे मायने सांगितलं. त्याला त्याची लाज वाटायची, कान पाडून बसायचा. यावलहून गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, म्हातारपणाने मूत्रपिंडं गेलीत, ती परत येत नाहीत. हवं तेव्हा पाणी द्या, थोडं ताक, भाकरी कुस्करून, खाल्लं तर खाल्लं, घशात कोंबू नका. ऊबेत ठेवा. कूस बदलत राहा, नाहीतर हाडावर जखमा होतील. गावातले एकदोघे म्हणाले, नदीपलीकडे सोडून या, जनावर आपलं आपण मरायला जातं. भाऊ उठून आत गेले.

मग आमचं तेच काम झालं. उन्हाबरोबर त्याचं गोणपाट सरकवायचं. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं, खाली मऊ चिंध्या घालायच्या. ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताकात इतकी कुस्करायची की ती पेजेसारखी व्हायची, तो दोनदा जीभ लावायचा आणि आमच्याकडे बघायचा, आमच्या समाधानासाठी लावली असं सांगत असल्यासारखा. घरात सगळे हळू बोलत होते. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी.

पहिल्याच संध्याकाळी मी पाहिलं. ऊन भिंतीवरून गेलं तसे त्याचे पुढचे पाय हलायला लागले. उठायचा प्रयत्न. मागचा भाग उचलतच नव्हता. तोंडातून बारीक आवाज निघत होता, दुखल्याचा नाही, उशीर झाल्याचा. मोठीमाय चुलीपाशी उभी राहिली होती, हातातला तांब्या तसाच. मी म्हटलं, मी त्याला धरते. भाऊ ओसरीच्या टोकाला अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, आले, गोणपाटासकट राख्याला दोन्ही हातांवर उचललं आणि चालू लागले.

मी मागोमाग गेले. शेवरीच्या फटीपाशी भाऊंनी त्याला खाली ठेवलं आणि पोटाखाली हात देऊन उभं धरलं. बाग आतून काळी दिसत होती. आता विहिरीवर इंजिन बसलंय, त्याची भकभक नुकतीच थांबली होती, त्यामुळे सगळं फारच शांत वाटत होतं. केळीचं एक पान हललं, एकच. बाकीची स्थिर. राख्याचे कान मागे गेले. शेपूट हलायला लागली, आधी टोक, मग सगळी, इतकी की भाऊंच्या हाताला लागत होती. मग त्याने मान वळवली आणि वर, उजवीकडे, बघितलं.

भाऊंनी त्याला पुन्हा उचललं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर या सगळ्याला सवय म्हटलं, तो माणूस डाव्या चाकोरीत उतरला. ओझं घेऊन चालायला ती चाकोरी अरुंद पडत होती, खांदा बांधावरच्या काट्यांना घासत होता. उजवी मोकळी होती. भाऊ विहिरीपाशी थांबले. चिंचेपाशी थांबले. घराशी आल्यावर दारात बाजूला झाले. मोठीमाय आत तांब्या घेऊन उभी होती. तिने भाऊंकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे घेतला, घरातल्या थोरल्या माणसासमोर घ्यावा तसा. भाऊ तिचे धाकटे दीर. त्यांच्यासमोर ती कधी तसा घेत नसे.

शेवटपर्यंत भाऊ रोज त्याला घेऊन गेले. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी हात पोटाखाली घातला तेव्हा राख्याने मान गोणपाटावर टेकवली. भाऊ म्हणाले, राहू दे. आम्ही सगळे ओसरीवर बसलो. अंधार व्हायच्या आधी राख्याची शेपटी गोणपाटावर आपटायला लागली. हळू, थांबून थांबून. तोंड दाराकडे होतं. मोठीमायने उठून पाणी ठेवलं. आमच्यापैकी कोणी दाराकडे बघितलं नाही. मी तर माझ्या हातांकडे बघत होते.

तो गेला दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर. माय दूध तापवत होती, मी कपडे वाळत घालत होते, मोठीमाय परसात होती. श्वास लांब लांब होत चालला होता हे सकाळपासून कळत होतं. तरी गेला तेव्हा कोणीच जवळ नव्हतं. कपडे वाळत घालून आले तर उन्हाचा पट्टा त्याच्या अंगावरून पुढे सरकला होता आणि त्याचं गोणपाट कोणी सरकवलं नव्हतं. मी सरकवायला वाकले आणि मग कळलं. कान अजून मऊ होते, पाय मात्र कडक व्हायला लागले होते.

सुपडूने शेवरीच्या कोपऱ्यात खड्डा खणला, कमरेइतका खोल. काळी माती वरून भुसभुशीत, खाली ओली, चिकट. भाऊंनी बागेतून केळीची पानं कापून आणली आणि तळाला अंथरली. मोठीमायने पेटीतून नानांचं एक धोतर काढून दिलं. नव्या घडीचं होतं.  त्यात त्याला गुंडाळलं, आत ठेवलं, वरून मीठ टाकलं. प्रत्येकाने मूठ मूठ माती लोटली. माती बुजवून सुपडूने ती पायाने दाबली आणि वर बाभळीचे काटे रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. मग तो मला म्हणाला, "ताई, आज मी गाडवाटेनं जातो." आणि गेला.

आम्ही विहिरीवर आंघोळी केल्या. सुतक नव्हतं, तरी त्या दिवशी घरात फोडणी पडली नाही.

मेलेल्या कुत्र्याचं घरात काय उरतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या जागेवरून आम्ही पाय उचलून जात होतो, जागा रिकामी असतानाही. मायकडून भाकरी एक जास्तच व्हायची आणि माय त्या भाकरीकडे रागाने बघायची. दार पूर्ण लावताना हात थांबायचा. फरशीवर नखांचा टकटक आवाज मी दोनदा ऐकला. मायनेही ऐकला. आम्ही एकमेकींना सांगितलं आणि तिथेच सोडलं.

पण संध्याकाळी काही ऐकू आलं नाही. त्या संध्याकाळी, त्यानंतरच्या संध्याकाळी. मोठीमाय पाणी भरून ठेवायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. बागेतून नुसता अंधार यायचा. पान हलायचं, पण ते वाऱ्याने हललेलं कळायचं. भीती वाटावी असं काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. वाटलं, आता ही बाई काय धरून बसेल?

मी परत निघाले त्या दिवशी सकाळी ती नेसून, बोचकं बांधून ओसरीवर बसली होती. भाऊंना म्हणाली, पोरीचं घर पाहून येते. भाऊंनी तिचं बोचकं उचललं.

भुसावळपर्यंत मोटारीने आणि पुढे गाडीने आम्ही गेलो. ती खिडकीशी बसली होती. अमळनेर गेलं, तापीकाठची शेतं गेली. डब्यात कोणीतरी तिच्यापुढे शेंगा धरल्या, तिने घेतल्या आणि सोलून मला दिल्या. दुपार कलत आली तशी मी तिच्या तोंडाकडे सारखी बघत होते. दिवेलागणीला आम्ही दोंडाईच्यात माझ्या ओसरीवर होतो. बाजारातून मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट येत होता, तिला शिंका येत होत्या आणि सासूबाई हसत होत्या. कंदील लागला. मोठीमाय शिंकायची थांबली, डोळे पुसले आणि आपण होऊन बोलली. तोंड अंधाराकडे होतं, आवाज नेहमीचाच.

"इतके वर्सं मले वाटे, ते माह्यासाठी येतात," ती म्हणाली. "ते राख्याले न्यायले येत व्हते. त्याचाच पाय निघत नव्हता घरातून."

मग मोठीमाय हसली. रडू लपवायला हसतात तसं नाही, एखाद्याची लबाडी उशिरा लक्षात आल्यावर हसतात तसं. म्हणाली, "मी आपली पानी ठेवत बसली."

ती जेवली. पहिल्याच रात्री अशी गाढ झोपली, की सकाळी ऊन आत आलं तरी उठली नाही. मी मधून मधून जाऊन तिचा श्वास बघत होते. उठल्यावर चहा घेऊन ती दारात आली. स्टेशनात गाडी शिट्टी देत होती. तिने ती निघून जाईपर्यंत ऐकली.

"ही गाडी इथून कुठी जाते?"

मी म्हटलं, सुरतेला.

"अन् त्याच्या पुढं?"

मी म्हटलं, पुढे समुद्र आहे म्हणतात, मी पाहिलेला नाही.

तिने चहाचा शेवटचा घोट घेतला, कप पालथा घातला आणि म्हणाली, "मंग चाल, पाहून येऊ."